गुलाबी गुलबक्षीच्या पोटी पांढरे फूल

गुलबक्षीची फुले दुपारी चारच्या सुमारास उमलू लागतात आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढले की मिटून जातात. कुंपणाच्या कडेला, मोरीच्या पाण्यावर, कुणी मुद्दाम न लावताही हे झुडूप वाढते. मूळचे ते अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातले, पण महाराष्ट्रातल्या अंगणांत इतके रुजले आहे की परके वाटत नाही. या साध्या फुलाने आनुवंशिकतेच्या अभ्यासात मोठी कामगिरी बजावली आहे. आईबापांचे गुण मुलांमध्ये मिसळून जातात की अलग अलग टिकून राहतात, या प्रश्नाचे उत्तर गुलबक्षीच्या तीन रंगांत साध्या डोळ्यांनी पाहता येते.

प्रयोग सांगायला सोपा आहे. गडद लाल फुलांची गुलबक्षी आणि पांढऱ्या फुलांची गुलबक्षी यांचा संकर केला, तर त्यातून उगवणाऱ्या सगळ्या रोपांना गुलाबी फुले येतात. हा गुलाबी म्हणजे आपल्याकडे नेहमी दिसणारा झगझगीत राणी रंग नव्हे, तर लाल आणि पांढऱ्याच्या मधला फिका रंग. आता ही गुलाबी रोपे स्वतःच्याच परागकणांनी फळू दिली आणि त्यांचे बी पेरले, की पुढच्या पिढीत लाल, गुलाबी आणि पांढरी अशी तिन्ही रंगांची झाडे मिळतात. पुरेशी झाडे मोजली तर त्यांचे प्रमाण 1:2:1 असे येते. चारांत एक लाल, दोन गुलाबी, एक पांढरे.

सांगायला सोपा असला, तरी हा प्रयोग हाताने करायचा तर चिकाटी लागते. गुलबक्षीच्या एका फुलात एकच बीजांड असते, म्हणून एका फुलापासून फार तर एकच बी मिळते, मिरीएवढे, काळे आणि खरबरीत. दहा फुलांचा संकर केला तर सगळे काही सुरळीत होऊनही दहाच्या वर बिया मिळणार नाहीत. शिवाय संध्याकाळी फूल आपोआप उमलू दिले तर ते स्वतःच्याच परागांनी फळण्याची धास्ती असते, कारण मिटताना त्याचे केसर आत वळतात आणि परागकोश कुक्षीला टेकतात. त्यामुळे त्या संध्याकाळी उमलणारी कळी दुपारीच हेरावी लागते. सुईने ती हलकेच उकलून आतले पाचही पुंकेसर परागकोश फुटण्याआधी चिमट्याने काढून टाकायचे, कळीवर पातळ कागदी पिशवी चढवायची, आणि संध्याकाळी दुसऱ्या रंगाच्या ताज्या फुलातले पराग तिच्या कुक्षीवर टेकवून पिशवी पुन्हा बांधायची. फुलाच्या देठाला दोरा बांधून खूण ठेवली नाही, तर पिकलेले बी गळून पडते आणि कोणते बी कोणाचे हे कळत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट संकराच्या आधीची आहे. दोन्ही मूळ झाडे शुद्ध वाणाची असली पाहिजेत. अंगणातल्या गुलबक्षीत अनेक रंगांची सरमिसळ झालेली असते, त्यामुळे दिसायला लाल म्हणून उचललेल्या झाडाच्या पोटात दुसरा रंग दडलेला असू शकतो. म्हणून आधी लाल झाडाचे स्वपरागाचे बी पेरून सगळी रोपे लालच येतात का, आणि पांढऱ्याची सगळी पांढरीच येतात का, हे पाहून घ्यायचे. ही पायरी गाळली की पहिल्याच पिढीत दोन-तीन रंग येतात आणि पुढची मोजणी व्यर्थ जाते.

या गुलबक्षीवर सविस्तर काम केले ते जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल कोरेन्स यांनी. ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्यावर केलेले प्रयोग 1866 साली छापले गेले होते, पण जवळजवळ 34 वर्षे त्यांची कुणी विशेष दखल घेतली नाही. 1900 साली ज्यांनी ते पुन्हा उजेडात आणले, त्यांपैकी एक कोरेन्स. या कथेला एक नात्याचा धागाही आहे. मेंडेल यांनी ज्या विद्वानाला वर्षानुवर्षे पत्रे लिहून आपले निष्कर्ष कळवले, ते कार्ल फॉन नेगेली म्हणजे कोरेन्स यांचे शिक्षक, आणि कोरेन्स यांची पत्नी नेगेलींची भाची. नेगेलींना मेंडेलचे महत्त्व उमगले नाही. पुढे 1905 साली ती पत्रे कोरेन्स यांनीच प्रसिद्ध केली. त्या पत्रांत गुलबक्षीचाही उल्लेख आहे. एका बीजाच्या फलनाला एकच परागकण पुरतो का, हे तपासायला मेंडेल यांनी गुलबक्षीच निवडली होती. तिचे परागकण टपोरे असतात, त्यामुळे एकेक कण वेगळा काढून कुक्षीवर ठेवता येतो. एक कण पुरतो, हे त्यांनी दाखवून दिले. ही बारीकशी वाटणारी गोष्ट पुढच्या सगळ्या हिशेबाचा पाया आहे, कारण एक बी म्हणजे एक परागकण आणि एक बीजांड, एवढेच धरून तो हिशेब मांडला जातो.

तो हिशेब असा. प्रत्येक झाडात रंगाच्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. शुद्ध लाल झाडात दोन्ही प्रती लाल, शुद्ध पांढऱ्यात दोन्ही पांढऱ्या. त्यांच्या संकरातून आलेल्या प्रत्येक गुलाबी झाडात एक लाल आणि एक पांढरी. हे गुलाबी झाड जेव्हा पराग तयार करते, तेव्हा प्रत्येक परागकणात दोनांपैकी एकच प्रत जाते. निम्म्या कणांत लाल, निम्म्यांत पांढरी. बीजांडांचेही तसेच. लाल परागाची लाल बीजांडाशी गाठ पडण्याची शक्यता अर्ध्याची अर्धी, म्हणजे पाव. पांढऱ्याची पांढऱ्याशी गाठ पडण्याची शक्यताही पाव. उरलेला अर्धा वाटा मिश्र जोड्यांचा असतो, कारण मिश्र जोडी दोन वाटांनी जमते: पराग लाल नि बीजांड पांढरे, किंवा उलट. मधला आकडा दोन येतो तो एवढ्याचसाठी.

इथे मेंडेलचा वाटाणा आठवला पाहिजे. जांभळ्या आणि पांढऱ्या फुलांच्या वाटाण्याच्या संकरात पहिली पिढी सगळी जांभळी आली, फिकी अजिबात नाही. दुसऱ्या पिढीतल्या 929 झाडांपैकी 705 जांभळी आणि 224 पांढरी निघाली, म्हणजे जवळपास 3:1. शाळेत मेंडेलचे प्रमाण म्हणून हेच पाठ होते आणि मग गुलबक्षीचे 1:2:1 आले की तो नियमाला अपवाद आहे असे विद्यार्थ्यांना वाटते. तसे ते मुळीच नाही. मेंडेल तिथे थांबले नव्हते. दुसऱ्या पिढीतली प्रभावी रंगाची 100 झाडे निवडून त्यांनी प्रत्येकाच्या बिया पेरल्या. त्यांतल्या 36 झाडांची संतती सगळी आपल्याच रंगाची निघाली, आणि 64 झाडांच्या संततीत पुन्हा पांढरी वळणाची रोपे दिसली. म्हणजे दिसायला एकसारख्या त्या तीन वाट्यांत एक वाटा शुद्ध आणि दोन वाटे मिश्र होते. वाटाण्यातही प्रमाण 1:2:1 हेच होते, फक्त पहिले दोन गट एकाच जांभळ्या रंगाआड लपलेले होते. ते वेगळे काढायला मेंडेलला आणखी एक पिढी वाढवावी लागली. गुलबक्षीत ते काम फुलाचा रंगच करतो, कारण तिथे मिश्र झाड वेगळे ओळखू येते. मिश्र झाड दोहोंच्या मधले दिसते, तेव्हा त्या प्रकाराला अपूर्ण प्रभाविता म्हणतात.

मग वाटाण्यात एक प्रत पुरते आणि गुलबक्षीत का पुरत नाही? जनुक म्हणजे बहुधा एखादे प्रथिन बनवण्याची सूचना असते. पांढऱ्या फुलाच्या झाडात ती सूचना बिघडलेली असते, म्हणून रंगद्रव्य तयार होत नाही. मेंडेलच्या वाटाण्यातला नेमका जनुक 2010 साली सापडला. तो स्वतः रंग बनवत नाही, रंग बनवणाऱ्या जनुकांना कामाला लावतो. अशा जनुकाची एक धड प्रत असली तरी पुढचे काम पुरेपूर चालते, आणि फूल गडद जांभळेच होते. गुलबक्षीत मात्र एका चालू प्रतीतून येणारा ऐवज गडद लालीला कमी पडतो, आणि फूल फिके राहते. म्हणजे गुलाबी हा तिसरा रंग कुठून नव्याने आलेला नसतो, तो लालच असतो, कमी मात्रेत. जाता जाता एक गोष्ट नोंदवण्यासारखी: गुलबक्षीचा लाल रंग गुलाब किंवा जास्वंदीच्या लालीपेक्षा वेगळ्या जातीचा आहे. बिटाला लाल करणारी जी बीटालेन नावाची रंगद्रव्ये, त्याच कुळातला तो आहे.

आता गुलाबी झाडाकडे पुन्हा पाहू. लाल नि पांढरे मिसळून गुलाबी झाले, हे पाहून कुणालाही वाटेल की गुण एकमेकांत विरघळतात. एकोणिसाव्या शतकात बहुतेक अभ्यासक तसेच मानत होते. पण तसे असते तर गुलाबीच्या पोटी गुलाबीच निघाली असती, आणि पिढ्यानपिढ्या सगळे रंग एका मधल्या छटेवर येऊन थांबले असते. प्रत्यक्षात गुलाबी झाडाच्या बियांतून आजीइतके शुभ्र आणि आजोबाइतके लाल झाड उगवते. गुलाबी झाडात राहून आलेल्या पांढऱ्या प्रतीला लालीचा डाग लागलेला नसतो. अपूर्ण प्रभावितेचे उदाहरण म्हणून गुलबक्षी शिकवली जाते, पण तिचा खरा धडा हा आहे, आणि वर्गात तो बहुतेक वेळा सुटून जातो.

बागकाम करणाऱ्यांना याचा व्यवहारात अनुभव येतो. असा फिका गुलाबी वाण आवडला म्हणून त्याचे बी जपून पेरले, तर निम्मीच रोपे गुलाबी येतात. हा गुलाबी बियांतून कधीच शुद्ध होत नाही, कितीही पिढ्या निवड केली तरी. तो टिकवायचा असेल तर त्याच झाडाचा कंद जपावा. गुलबक्षीला जमिनीत कंदासारखे जाड मूळ असते आणि वरचे झुडूप सुकले तरी पावसाळ्यात त्यातून तेच झाड पुन्हा फुटते. मात्र प्रत्येक गुलाबी गुलबक्षीला हे लागू होत नाही. या झाडात रंग ठरवणारे जनुक एकाहून अधिक आहेत, आणि काही छटा शुद्ध वाणाच्याही असतात. समोरचे गुलाबी झाड मिश्र आहे का, हे पाहण्याची खात्रीची रीत म्हणजे त्याचा शुद्ध पांढऱ्याशी संकर. मिश्र असेल तर निम्मी रोपे गुलाबी आणि निम्मी पांढरी येतील, लाल एकही येणार नाही.

प्रमाण मोजताना एका ठिकाणी पुष्कळ जण फसतात. चारच रोपे लावायची आणि एक लाल, दोन गुलाबी, एक पांढरे येण्याची वाट पाहायची. चार रोपांत नेमके असे येण्याची शक्यता 19 टक्क्यांहूनही थोडी कमी आहे, म्हणजे पाचांतल्या चार वेळा ते येणारच नाही. 1:2:1 ही प्रत्येक बीजाची शक्यता आहे, वाटपाची यादी नव्हे. समजा 40 रोपे लावली. अपेक्षा 10, 20 आणि 10 ची. आली 8 लाल, 23 गुलाबी, 9 पांढरी. हे जुळले म्हणायचे का? त्यासाठी प्रत्येक गटातला फरक घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, अपेक्षित आकड्याने भागायचे आणि तिन्ही उत्तरे मिळवायची. इथे 0.4, 0.45 आणि 0.1 मिळून 0.95 येतात. तीन गटांसाठी ही बेरीज 5.99 च्या आत असली, तर फरक निव्वळ योगायोगाचा मानायला हरकत नसते. पण 20 लाल, 10 गुलाबी आणि 10 पांढरी आली असती, तर बेरीज थेट 15 झाली असती. मग समजावे की कुठेतरी पाणी मुरते आहे. बहुधा गडद गुलाबी फुले लालमध्ये मोजली गेलेली असतात. उन्हात आणि सावलीत रंगाची छटा बदलते, म्हणून सगळी फुले एकाच वेळी, ताजी उमललेली असताना मोजावीत.

गुलबक्षीत आणखी एक देखणा प्रकार दिसतो. एकाच फुलावर लाल आणि पिवळे पट्टे, ठिपके, कधी अर्धे फूल एका रंगाचे नि अर्धे दुसऱ्या. अनेक शालेय चित्रांत लाल आणि पांढऱ्या फुलांच्या संकरातून असे ठिपक्यांचे फूल काढून दाखवतात आणि खाली लिहितात, सहप्रभाविता. सहप्रभाविता म्हणजे मिश्र जीवात दोन्ही रूपे मधल्या छटेत न विरता पूर्णपणे, एकाच वेळी दिसणे. व्याख्या बरोबर आहे, पण ठिपक्यांच्या फुलाचे उदाहरण बहुतेक वेळा चुकीचे असते. 2014 साली जपानी संशोधकांनी गुलबक्षीच्या या पट्ट्यांचे कारण छापले. लाल रंगासाठी लागणाऱ्या जनुकात जागा बदलणारा एक डीएनएचा तुकडा शिरलेला असतो. तो असेपर्यंत लाल रंग तयार होत नाही आणि पेशी पिवळी राहते. फूल घडत असताना एखाद्या पेशीतून तो निसटला की जनुक पूर्ववत होतो, आणि त्या पेशीपासून वाढलेला पट्टा लाल होतो. हे दोन रूपांचे सहजीवन नाही, एकाच बिघडलेल्या रूपाची अधूनमधून झालेली दुरुस्ती आहे.

फरक ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. एकाच झाडाची दहा फुले शेजारी ठेवून पाहावीत. तुकडा निसटण्याचा प्रकार असेल तर एकाही फुलाचे पट्टे दुसऱ्यासारखे नसतात. काही फुले पूर्ण पिवळी, तर एखादे पूर्ण लालही निघते. खरी सहप्रभाविता असती तर त्या झाडाच्या प्रत्येक फुलावर दोन्ही रंग सारख्याच रीतीने दिसले असते, आणि त्याच्या स्वपरागाच्या बियांतून एकरंगी, दुरंगी, एकरंगी असे 1:2:1 मिळाले असते.

फुलांच्या रंगात सहप्रभावितेचे निर्विवाद उदाहरण सापडणे कठीण आहे, आणि त्याला साधे कारण आहे. पांढरे फूल म्हणजे बहुधा रंगाचा अभाव, आणि अभाव दुसऱ्या रूपाच्या जोडीने दिसणार कसा? दोन्ही रूपे काहीतरी प्रत्यक्ष बनवत असतील तेव्हाच ती शेजारी शेजारी दिसू शकतात. पाठ्यपुस्तके म्हणूनच बहुधा जनावरांच्या अंगावरच्या तांबड्या-पांढऱ्या मिश्र केसांकडे किंवा माणसाच्या रक्ताकडे वळतात. रक्ताचे उदाहरण सर्वांत स्वच्छ आहे. कार्ल लँडस्टायनर आणि फिलिप लेव्हाइन यांनी 1927 साली एम आणि एन हे रक्तगट शोधले. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावरच्या एका प्रथिनाची ही दोन रूपे. काचपट्टीवर रक्ताचे दोन थेंब घेऊन एकात एमविरोधी आणि दुसऱ्यात एनविरोधी द्रव मिसळला, तर एम व्यक्तीचा पहिलाच थेंब गुठळतो, एन व्यक्तीचा दुसराच, आणि एमएन व्यक्तीचे दोन्ही थेंब गुठळतात. एमएन व्यक्तीत कुठलेही मधले, तिसरे प्रथिन नसते. आई आणि वडील दोघे एमएन असतील अशा अनेक कुटुंबांतली मुले मोजली, तर एम, एमएन आणि एन यांचे प्रमाण पुन्हा 1:2:1 येते. आकडे गुलबक्षीचेच, वेगळे आहे ते मधल्या दोन वाट्यांचे रूप.

ही दोन नावे जनुकावर कायमची चिकटलेली नसतात. एकच जनुक कुठल्या पातळीवर पाहिला यावर ते नाव बदलते, आणि याचे सर्वांत परिणामकारक उदाहरण महाराष्ट्राच्या घरातले आहे. सिकलसेल हा रक्ताचा आजार विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत मोठ्या प्रमाणावर आढळतो. ज्याच्याकडे बदललेल्या जनुकाच्या दोन प्रती आहेत तो रुग्ण, आणि ज्याच्याकडे एक आहे तो वाहक. वाहक सहसा आयुष्यभर धडधाकट असतो, त्यामुळे आजार म्हणून पाहिले तर तो अप्रभावी गुण. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर वाहकाच्या पेशीही विळ्यासारख्या वाकतात, पण प्राणवायू फारच कमी झाला तरच, म्हणजे ही अपूर्ण प्रभाविता. आणि 1949 साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी वाहकाचे हिमोग्लोबिन विद्युत क्षेत्रात सोडले, तेव्हा त्यात नेहमीचे आणि सिकलचे अशी दोन्ही हिमोग्लोबिने वेगवेगळी मिळाली. प्रथिनाच्या पातळीवर ती सहप्रभाविता ठरली.

तपासणी करून घेणाऱ्यांच्या दृष्टीने हा फरक कागदावरचा नाही. शिबिरांत आधी जी साधी सोल्युबिलिटी चाचणी होते, ती सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही एवढेच सांगते. वाहक आणि रुग्ण दोघांचीही ती सकारात्मक येते, म्हणजे वाटाण्याच्या 3:1 सारखे दोन गट तिच्यात एकत्र दिसतात. ते वेगळे करायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी लागते. तिच्यात सामान्य, वाहक आणि रुग्ण असे तिन्ही गट स्पष्ट दिसतात. म्हणून पहिली चाचणी सकारात्मक आली की तिथेच न थांबता दुसरी जरूर करून घ्यावी, आणि या भागांतल्या तरुण-तरुणींनी ती लग्न ठरवण्याआधीच केलेली बरी. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता चारांत एक असते, आणि आधीची तीन मुले निरोगी झाली म्हणून चौथ्या वेळी ती वाढत नाही, की कमीही होत नाही.